जेवणाच्या कॅलरी मोजताना अल्कोहोल कुठे मांडायचं? या चुका टाळा

प्रथिने आणि कर्बोदके ग्रॅमला ४ कॅलरी, फॅट ग्रॅमला ९ कॅलरी. एवढ्या तीन आकड्यांवर बहुतेकांचा हिशोब चालतो आणि साध्या जेवणाला तो पुरतोही. जेवणासोबत पेय आलं की मात्र बेरीज जुळत नाही. कारण अल्कोहोल हा चौथा ऊर्जास्रोत आहे: ग्रॅमला सुमारे ७ कॅलरी. त्याचा रकाना वेगळाच ठेवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. जेवणात ३० ग्रॅम प्रथिने, ८० ग्रॅम कर्बोदके आणि २५ ग्रॅम फॅट. म्हणजे १२० + ३२० + २२५ = ६६५ कॅलरी. सोबत १३ टक्के अल्कोहोलची ड्राय वाइन, १५० मिलीचे दोन ग्लास.

पहिली चूक इथेच होते. ३०० मिलीचे १३ टक्के म्हणजे ३९, म्हणून ३९ ग्रॅम अल्कोहोल धरलं जातं. पण बाटलीवरचा टक्का आकारमानाचा असतो. ते ३९ मिली झाले, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं: १ मिलीचं वजन ०.७८९ ग्रॅम. म्हणून ३९ × ०.७८९ = ३०.८ ग्रॅम, आणि त्याच्या साधारण २१५ कॅलरी. वजनाचा गुणाकार विसरलात तर २७३ येतात, म्हणजे ५८ जास्त.

वाइनमध्ये उरलेली थोडी साखरही असते. ती ३ ग्रॅम धरली तर १२ कॅलरी. एकूण जेवण ६६५ + १२ + २१५ = ८९२.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. कॅलरी मोजण्याच्या अनेक ॲपमध्ये अल्कोहोलचा रकाना नसतो, म्हणून लोक २१५ ला ४ ने भागतात आणि ५४ ग्रॅम 'कर्बोदके' म्हणून नोंदवतात. कॅलरीची बेरीज बरोबर येते, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. पण आता डायरीत ८३ च्या जागी १३७ ग्रॅम कर्बोदके दिसतात, आणि ती ५४ ग्रॅम जेवणात नव्हतीच. अल्कोहोलची शरीरात साखर होत नाही. उलट यकृत ते निपटत असताना नवी साखर बनवण्याचं त्याचं काम मंदावतं. कर्बोदके मोजून इन्सुलिनचा डोस ठरवणाऱ्याने या खोट्या ५४ ग्रॅमसाठी इन्सुलिन घेतलं, तर काही तासांनी, कदाचित झोपेतच, रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रकाना नसेल तर अल्कोहोलच्या कॅलरी टिपणीत लिहा आणि एकूण बेरजेत हाताने मिळवा. कर्बोदकांना हात लावू नका.

आपण हे टाळलं तरी ॲपमधल्या तयार नोंदींमध्ये ही चूक आधीच शिरलेली असू शकते. ती पकडायला सोपी वजाबाकी आहे. समजा, ३३० मिली, ५ टक्के बिअरची नोंद सांगते: १४० कॅलरी, ११ ग्रॅम कर्बोदके, १ ग्रॅम प्रथिने. तीन स्रोतांची बेरीज ४८ येते, फरक ९२. त्याला ७ ने भागलं की १३.१. आता बाटलीवरून मोजा: ३३० × ०.०५ × ०.७८९ = १३.० ग्रॅम. दोन्ही जुळले, म्हणजे नोंद विश्वासाची. (दशांशाचा किरकोळ फरक सोडून द्या, ४-४-९-७ हे आकडेच गोल केलेले आहेत.) त्याच बिअरच्या दुसऱ्या नोंदीत १४० कॅलरी, ३४ ग्रॅम कर्बोदके आणि तेच १ ग्रॅम प्रथिने असतील, तर फरक शून्य येतो. अशा नोंदीत अल्कोहोल कर्बोदकांत कोंबलेलं आहे. पदार्थातून पाणी, प्रथिने, फॅट आणि क्षार वजा करून उरेल ते कर्बोदके मानण्याची जुनी पद्धत आहे. त्यात अल्कोहोल वजा करायचं राहिलं तर त्याचे ग्रॅमही कर्बोदकांत जातात. तेव्हा फरक शून्य नाही, पण हवा त्यापेक्षा बराच कमी येतो.

याच्या उलट चूकही होते. लेबलवर कॅलरी छापलेल्या असतील तर त्यात अल्कोहोल बहुधा धरलेलंच असतं. ७ ने गुणून पुन्हा मिळवू नका. शंका आली तर वरचीच वजाबाकी करून बघा. वरून मिसळलेल्या कोल्ड्रिंकची किंवा ज्यूसची साखर मात्र बाटलीच्या आकड्यात कधीच नसते, ती वेगळी मिळवा.

राहिली टक्केवारी. वरच्या जेवणात फॅट २५ टक्के की ३३ टक्के? दोन्ही. २२५ ला ८९२ ने भागलं तर २५.२, आणि अल्कोहोल वगळून ६७७ ने भागलं तर ३३.२. ताटातलं फॅट तेवढंच आहे, फक्त वाइनने भाजक वाढवला. 'पेय घेतलेल्या दिवशी माझं फॅट कमी असतं' असं डायरीत दिसलं, तर आधी भाजक तपासा. आहाराची तुलना करायची असेल तर अल्कोहोलविना टक्केवारी काढावी, असं माझं मत आहे. आणि अल्कोहोलचा वाटा, इथे २१५ भागिले ८९२ म्हणजे २४ टक्के, शेजारी स्वतंत्र लिहावा.