सम संख्या निम्म्याच कशा नाहीत? जोड्या लावताना या चुका टाळा

फोंड्याला माझी अकरावी-बारावीच्या गणिताची शिकवणी आहे. संचांचा धडा आला की दर वर्षी एका ठरावीक दिवशी वर्गात भांडण होतं. मी फळ्यावर १ समोर २, २ समोर ४, ३ समोर ६ असं लिहीत जातो आणि म्हणतो, बघा, जितक्या मोजसंख्या तितक्याच सम संख्या. गेल्या वर्षी मार्दोळची एक मुलगी तिथल्या तिथे म्हणाली, "सर, आमका फसयतात. विषम संख्या कुठे गेल्या?" तिचा प्रश्न रास्त होता. चूक होती ती प्रश्नामागे धरलेल्या गृहीतात, आणि तीच चूक जवळजवळ सगळ्यांची होते.

आधी 'तितकेच' म्हणजे काय ते ठरवू. देवळात महाप्रसादाची पंगत बसते तेव्हा माणसं कोणी मोजत नाही. प्रत्येकापुढे एक पान, एकही पान रिकामं नाही, एकही माणूस पानावाचून नाही, एवढं दिसलं की पानं आणि माणसं सारखी. यालाच एकास एक संगती म्हणतात. अनंत संचांना मोजून संपवताच येत नाही, म्हणून तिथे तुलनेसाठी हीच पंगत वापरायची.

उरलं म्हणजे जास्त, असं समजणं. सगळ्यात मोठी चूक हीच. विद्यार्थी काय करतो? २ समोर २, ४ समोर ४, ६ समोर ६ अशी प्रत्येक सम संख्या स्वतःलाच जोडतो. मोजसंख्यांतल्या १, ३, ५, ७ पानावाचून उभ्या राहतात. लगेच निकाल: मोजसंख्या जास्त.

पंगतीत हा निकाल बरोबर ठरतो. पन्नास माणसं आणि पंचवीस पानं असतील, तर कोणालाही कुठेही बसवा, पंचवीस जण उभेच राहणार. बसवण्याची पद्धत बदलली म्हणून उरलेल्यांचा आकडा बदलत नाही. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती फक्त सांत संचांपुरती खरी आहे, हे लक्षातच येत नाही.

त्या मुलीला मी वाद घालून पटवलं नाही. तिलाच एक जोडणी करायला सांगितली: प्रत्येक मोजसंख्येला तिची चौपट द्यायची. तिने वहीत लिहिलं, १ ला ४, २ ला ८, ३ ला १२, ४ ला १६. "आता मोजसंख्यांपैकी कोण उरलं?" कोणीच नाही. "आणि सम संख्यांपैकी?" तिने जरा वेळ पाहिलं आणि लिहिलं: २, ६, १०, १४… म्हणजे 'उरलं ते जास्त' हा नियम लावला, तर आता सम संख्या मोजसंख्यांपेक्षा जास्त ठरतात! दोन मिनिटांपूर्वी त्याच नियमाने त्या कमी होत्या. एकच साक्षीदार दोन उलट जबान्या देत असेल तर खटल्यात त्याला उभं करू नये.

म्हणून अनंत संचांत एखादी जोडणी फसली, काही उरलं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फक्त ती जोडणी फसली एवढंच कळतं. 'सारखे' म्हणायला एक चोख जोडणी पुरते. 'सारखे नाहीत' म्हणायचं असेल, तर कोणतीही जोडणी चालणार नाही हे दाखवावं लागतं, आणि ते फार कठीण काम आहे.

गॅलिलिओही इथेच अडला होता. १६३८ च्या त्याच्या पुस्तकात सम संख्यांऐवजी वर्गसंख्या आहेत: १, ४, ९, १६. त्याला जोडणी दिसली, वर्गसंख्या विरळ होत जातात हेही दिसलं, आणि त्याने निष्कर्ष काढला की कमी, जास्त, सारखे हे शब्द अनंताला लावूच नयेत. पुढे १८८८ मध्ये डेडेकिंडने ती अडचणच व्याख्या करून टाकली: जो संच स्वतःच्याच एखाद्या तुकड्याशी एकास एक जुळतो तो अनंत. मला ही चाल फार आवडते.

मधेच कुंपण घालणं. "सर, १०० पर्यंत तर पन्नासच सम आहेत ना?" आहेत. १ ते ५० यांना २ ते १०० मिळाल्या, मग ५१ चं काय? तिची जोडीदार १०२, आणि ती कुंपणाबाहेर आहे. कुंपण १००० वर नेलंत तर ५०१ ची जोडीदार १००२ बाहेर राहते. तक्रार जोडणीची नसून कुंपणाची आहे. मी अशा वेळी एकच विचारतो: उरलेल्या एका संख्येचं नाव सांग. ७३ म्हटलं तर तिला १४६ मिळालेली असते. नाव सांगता येत नसेल, तर कोणी उरलेलं नाही.

जोडणी एकाच बाजूने तपासणं. कोणी १ आणि २ दोघांना २ देतो, ३ आणि ४ दोघांना ४ देतो, आणि 'निम्म्या' असल्याचं सिद्ध झालं म्हणतो. एका पानावर दोघं बसवले, संगती मोडली, त्यातून काहीच निघत नाही. दुपटीची जोडणी मात्र दोन्हीकडून तपासा. दोन वेगळ्या संख्यांची दुप्पट कधी एक येत नाही, आणि कोणतीही सम संख्या, समजा ३४६, निम्मी केली की तिचा मालक १७३ सापडतो.

'निम्म्या' हा शब्दच खोटा ठरवणं. जोडणी पटली की काही मुलं दुसऱ्या टोकाला जातात. निम्मेपणा खरा आहे, पण तो घनतेचा आहे: १ पासून ओळीने चालत गेलात तर वाटेत भेटलेल्यांपैकी साधारण अर्ध्या सम असतात. ही घनता ओळीवर अवलंबून असते, संचात कोण आहे यावर नाही. त्याच मोजसंख्या अशा उभ्या करा: १, ३, २, ५, ७, ४, ९, ११, ६… दोन विषम, मग एक सम. एकही संख्या गाळलेली नाही, एकही दोनदा आलेली नाही, तरी आता सम संख्या एकतृतीयांश दिसतात. मुलांना हे जोडणीपेक्षाही जास्त खुपतं. त्या मुलीने मग तीन विषमांमागे एक सम अशी ओळ स्वतःच लावली आणि एकचतुर्थांश करून दाखवला.

मग सगळे अनंत सारखेच, असं धरणं. नाही. ० आणि १ यांच्यामधल्या सगळ्या वास्तव संख्या मोजसंख्यांशी कशाही जोडल्या तरी काही उरतातच, हे कॅन्टरने १८७४ मध्ये सिद्ध केलं. वर जे कठीण काम म्हटलं ते हेच: त्याने एक जोडणी फसलेली दाखवली नाही. तुम्ही कोणतीही यादी द्या, त्या यादीत नसलेली एक संख्या बांधून दाखवण्याची रीत दिली.