चार फ्लोरिन दिसले म्हणून चतुष्फलक लिहू नका

CF₄, SF₄ आणि XeF₄. तिन्ही सूत्रांची ठेवण एकच, मध्ये एक अणू आणि भोवती चार फ्लोरिन. आकार मात्र तिघांचे तीन: पहिला चतुष्फलकीय, दुसरा सी-सॉ, तिसरा चौरस समतल. अकरावीच्या पेपरात यावर प्रश्न आला की बरीच मुलं सूत्राकडे बघूनच उत्तर लिहून टाकतात, आणि तिथेच गुण जातात. फरक पडतो तो सूत्रात न दिसणाऱ्या लोन पेअरमुळे.

ती मोजताना एक सोपी वजाबाकी पुरते. मध्यवर्ती अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्या, त्यातून बंधांसाठी वापरलेले वजा करा आणि उरलेल्यांचे निम्मे करा. प्रत्येक फ्लोरिनसाठी त्याचा एक इलेक्ट्रॉन जातो. कार्बनचे चारातले चार गेले, उरलं शून्य. सल्फरचे सहातले चार गेले, म्हणजे एक लोन पेअर. झेनॉनचे आठातले चार गेले, म्हणजे दोन. फ्लोरिनवरच्या लोन पेअर यात धरायच्या नाहीत. आकार ठरतो तो मध्यवर्ती अणूभोवतीच्या जोड्यांवरून.

ऑक्सिजन आला की हिशेब हमखास चुकतो. XeO₃ मध्ये प्रत्येक ऑक्सिजनला एकच इलेक्ट्रॉन दिला तर आठातून तीन जाऊन पाच उरतात, म्हणजे अडीच लोन पेअर! अशी अर्धी जोडी आली की लगेच थांबा. NO₂ किंवा ClO₂ सारखे एकटा इलेक्ट्रॉन असलेले थोडे रेणू सोडले, तर मोजणीतच चूक असते. दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनसाठी दोन इलेक्ट्रॉन वजा करायचे. मग आठातून सहा गेले, एक लोन पेअर उरली आणि आकार अमोनियासारखा पिरॅमिडी आला. जागा मोजताना मात्र दुहेरी बंध एकच धरायचा.

आयनाचा भार विसरणं हीसुद्धा नेहमीची चूक. ऋण भार असेल तर तितके इलेक्ट्रॉन मिळवा, धन असेल तर वजा करा. ICl₄⁻ मध्ये आयोडीनचे सात अधिक एक, म्हणजे आठ. चार बंधांत गेले, दोन लोन पेअर उरल्या. म्हणून हा आयनही XeF₄ सारखाच चौरस समतल.

आता खरी मेख. लोन पेअर बरोबर मोजूनही त्या कुठे बसवायच्या इथे गाडी अडते. ClF₃ घ्या: तीन बंध, दोन लोन पेअर, एकूण पाच जोड्या, म्हणजे मांडणी त्रिकोणी द्विपिरॅमिडची. त्यात पाच जागा सारख्या नसतात. मधल्या त्रिकोणातल्या तीन जागा एकमेकींपासून 120 अंशांवर, तर वरची आणि खालची अक्षीय जागा त्या तिघींपासून 90 अंशांवर. अनेक जण सममिती छान दिसते म्हणून दोन्ही लोन पेअर वर-खाली ठेवतात आणि उत्तर देतात ‘त्रिकोणी समतल’.

तपासायचं कसं? फक्त 90 अंशांवरची भांडणं मोजा. लोन पेअर वर-खाली ठेवल्या तर प्रत्येकीच्या शेजारी 90 अंशांवर तीन बंध येतात, म्हणजे लोन पेअर आणि बंध यांच्यात सहा प्रतिकर्षणं. एक वर आणि एक त्रिकोणात ठेवली तर दोन लोन पेअरच एकमेकींना 90 अंशांवर भिडतात. हे सगळ्यांत वाईट. दोन्ही त्रिकोणात ठेवल्या तर लोन पेअर-बंध प्रतिकर्षणं चारच उरतात आणि लोन पेअर एकमेकींपासून साधारण 120 अंशांवर राहतात. बंध-बंध अशी दोन प्रतिकर्षणं इथे येतात खरी, पण ती सौम्य असतात. म्हणून रेणू T आकाराचा. लोन पेअरच्या रेट्याने त्याचा कोनही 90 ऐवजी सुमारे 87.5 अंश भरतो.

पाच जोड्या असतील तर लोन पेअर आधी त्रिकोणात. SF₄ ची एक, ClF₃ च्या दोन, XeF₂ च्या तिन्ही तिथेच बसतात. म्हणून XeF₂ तीन लोन पेअर असूनही सरळ रेषेत. हाच नियम सहा जोड्यांना लावू नका. अष्टफलकात सगळ्या जागा सारख्याच, त्यामुळे पहिली लोन पेअर कुठेही ठेवा, दुसरी बरोबर तिच्या समोर, 180 अंशांवर. XeF₄ चौरस होतो तो असा.

शेवटी प्रश्न नीट वाचा. ‘इलेक्ट्रॉन जोड्यांची मांडणी’ विचारली असेल तर ClF₃ साठी त्रिकोणी द्विपिरॅमिड हेच बरोबर. ‘रेणूचा आकार’ विचारला असेल तर T. आकाराचं नाव देताना फक्त अणू बघायचे.

आणि ही युक्ती संक्रमण धातूंवर चालवू नका. [NiCl₄]²⁻ चतुष्फलकीय आणि [Ni(CN)₄]²⁻ चौरस समतल असतो, दोन्हींत निकेलचे d इलेक्ट्रॉन आठच असूनही. तिथे लोन पेअर मोजून काहीच हाती लागत नाही; ते काम स्फटिक क्षेत्र सिद्धांताचं.