कराराचं जुनं पान, नवं पान: ताडून बघायला बसण्याआधी

दोन्ही पानांचे फोटो आधी नीट मिळवा. चारही कोपरे दिसतील असा, वरून सरळ, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून. व्हॉट्सॲपवर मागवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नुसता फोटो पाठवला की तो आकसतो आणि १ चा ९ वाटायला लागतो. आले की लगेच नाव द्या, 'जुनं' आणि 'नवं'. गॅलरीत दिसते ती फोटो आल्याची तारीख, मसुद्याची नव्हे.

आता मुख्य गोष्ट, जी मी मागच्या वेळी विसरलो. प्रत्येक कलमाचा जुना क्रमांक आणि नवा क्रमांक समोरासमोर लिहा. वाचायला सुरुवात करण्याआधी लिहा. सांगलीत हळदीसाठी गोदाम घेताना मी आणि धाकट्या भावाने दोन्ही पानं शब्द न् शब्द ताडली होती. जुन्या मसुद्यात ६ वं कलम दुरुस्तीचं, ७ वं नोटिशीचं (तीन महिने आधी कळवायचं) आणि ८ व्यात होतं, "कलम ७ चा भंग झाल्यास अनामतीतून दोन महिन्यांचे भाडे कापले जाईल." नव्यात वीजबिलाचं एक कलम ६ व्या जागी घुसलं. ते आम्ही पाहिलं, वीजबिल आम्हीच भरणार होतो, म्हणून मान डोलावली. त्यामुळे दुरुस्ती गेली ७ वर, नोटीस ८ वर आणि दंडाचं कलम ९ वर. पण दंडाचं वाक्य अक्षराचाही फरक न होता तसंच राहिलं: "कलम ७ चा भंग झाल्यास..." म्हणजे दंड नोटिशीवरून उठून दुरुस्तीवर जाऊन बसला. भाऊ म्हणाला, "दादा, हे तर सेम आहे," आणि मी पुढे सरकलो. पुढे पत्र्याची गळती पंधरा दिवसांत काढली नाही म्हणून १८,००० च्या हिशेबाने ३६,००० कापायची भाषा झाली. भांडून निम्मे वाचले. मालकाने मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही, टाइप करणाऱ्याने मध्ये कलम टाकलं आणि खालचे उल्लेख तसेच सोडले, एवढंच.

म्हणून 'कलम अमुक प्रमाणे', 'वरील कलमात नमूद', 'खालील रक्कम' असं जिथे जिथे असेल तिथे पेन्सिलने गोल करा आणि नव्या पानावर त्या क्रमांकाला खरंच काय लिहिलंय ते जाऊन बघा. उल्लेख दुसऱ्या पानावरच्या कलमाचा असेल तर ते पानही मागवा, एका पानाच्या फोटोवर विसंबू नका.

वाचायची युक्ती अशी. ओळींची शेवटची अक्षरं बघत खाली या. फॉन्ट आणि समास तेच असतील तर जिथे ओळ वेगळ्या शब्दावर तुटते, त्या ओळीत किंवा त्याच परिच्छेदात तिच्या वर कुठेतरी शब्द घातला वा काढला गेलाय. परिच्छेद संपला की ओळी पुन्हा जुळतात. पण ५ टक्क्यांचे ७ टक्के झाले तर ओळ हलत नाही. म्हणून आकड्यांची फेरी वेगळी, फक्त आकडे, एकाने जुन्यातले मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने नव्यात बोट ठेवायचं. अक्षरी रक्कमही वाचा. आमच्याच पानावर अनामत अंकात १,५०,००० झाली होती आणि अक्षरी 'एक लाख' तशीच होती. हे निदान तेव्हाच पकडलं. धूसर आकडा अंदाजाने लिहू नका, 'वाचता आला नाही' असं लिहून नवा फोटो मागवा.

यादीत चार रकाने पुरे: जुना क्रमांक, नवा क्रमांक, जुना मजकूर, नवा मजकूर. खाली वेगळी जागा सोडा, 'मजकूर तोच, पण बोट दुसऱ्या कलमाकडे' अशांसाठी. ही जागा रिकामी राहिली आणि मध्ये कलम वाढलेलं असेल तर बहुतेक तुम्ही गोल केलेच नाहीत, परत जा. हो, परत जा.

यादी समोरच्याला पाठवा, दुरुस्त मसुदा आला की क्रमांकांपासून पुन्हा ताडा, कारण दुरुस्त करतानाही क्रमांक हलतात. सही करायच्या कागदाचं पान शेवटच्या ताडलेल्या मसुद्याच्या फोटोशी जुळतंय का ते बघा. नोंदणीला जाताना आधार, पॅन वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.