रिपोर्टमधली बाल्कनीची ओळ मालकाला कळेल अशी लिहा

जळगावच्या एका जुन्या घराच्या तपासणी रिपोर्टात लिहिलेलं, "कॅन्टिलिव्हर स्लॅबच्या वरच्या बाजूस, भिंतीलगत सलग तडा", आणि घरमालक काका घाबरले ते खालून पोपडे पडून दिसणाऱ्या गंजक्या सळीला. खरं उलटं आहे भाऊ, कॅन्टिलिव्हर म्हणजे बाहेर लोंबणाऱ्या बाल्कनीत मेन सळई वरच्या बाजूला असते, म्हणून भिंतीलगतचा वरचा तडा जास्त धोक्याचा, त्यातून पाणी मुरून तीच सळई गंजते.

मी काकांना असं लिहून दिलं:

"गंभीर. बाल्कनी तुटून पडू शकते. आजपासून वापर बंद, बिबडे वाळवायलाही जायचं नाही, खालची पार्किंग रिकामी करा. खालून टेकू इंजिनिअरला विचारूनच लावा. मग तड्यावरची लादी काढून सळई उघडी करून बघायची, ती बारीक झाली असेल तर नवी जोडायची की बाल्कनीच पाडायची हे इंजिनिअर ठरवतील. नुसतं सिमेंट भरून तडा बुजवू नका, आत गंज चालूच राहतो.

खालचे पोपडे: मध्यम. सैल तुकडे डोक्यात पडू शकतात, ते याच आठवड्यात टेकू लागल्यावर काढून घ्या."