पीडीएफ प्रूफ कसं तपासावं : हायलाइट, स्टिकी नोट आणि पानावरची टीप

स्मरणिका असो, दिवाळी अंक असो की पतपेढीचा वार्षिक अहवाल, प्रूफ हल्ली कागदावर येत नाही. डीटीपी ऑपरेटर व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकतो आणि खाली लिहितो, ‘बघून सांगा’. मग त्याला उलट निरोप जातात : ‘पान १४, तिसरा परिच्छेद, दुसऱ्या ओळीत आशीर्वाद चुकलाय.’ पान १४ म्हणजे छापील क्रमांक १४ की फाइलमधलं चौदावं पान? मुखपृष्ठ आणि सुरुवातीच्या जाहिराती धरल्या तर दोन्हींत चार-सहा पानांचा फरक सहज पडतो. चूक ज्या शब्दात आहे त्याच शब्दावर खूण केली की हा प्रश्नच उरत नाही.

इथे सांगितलेल्या पायऱ्या संगणकावरच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या आहेत. तो फुकट मिळतो आणि एवढ्या कामाला पुरतो. आवृत्तीनुसार बटणांच्या जागा थोड्या बदलतात, नावं बहुतेक तीच राहतात. उदाहरणासाठी एका वाचनालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेतलं एक पान घेऊ : अध्यक्षांचं मनोगत, दोन स्तंभांत, वर एक जुना फोटो.

आधी फाइल नीट उतरवून घ्या

व्हॉट्सअ‍ॅपमधून किंवा मेलमधून थेट उघडलेल्या फाइलवर काम सुरू करू नका. ती फाइल कुठल्या तरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते आणि तासभर केलेल्या खुणा नंतर सापडत नाहीत. फाइल डाउनलोड करून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नावात आपली ओळख घाला, उदाहरणार्थ `smaranika_proof1_sampadak.pdf`. ‘फायनल’ हा शब्द नावात नको. फायनल, फायनल-२, अगदी फायनल अशी रांग लागते आणि कोणत्या फाइलवर खुणा केल्या हेच कळेनासं होतं.

आता कर्सर एखाद्या ओळीवरून ओढून बघा. अक्षरं निळी होऊन निवडली गेली तर ठीक. काहीच निवडलं गेलं नाही किंवा नुसती चौकट पडली, तर पान स्कॅन केलेलं आहे किंवा ऑपरेटरने अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या बनवून, पीडीएफ काढली आहे. कोरलड्रॉमध्ये काम करणारे बरेच जण असं करतात, कारण मग छापखान्यात फाँट बदलण्याची भीती राहत नाही. अशा पानावर शब्दाला धरून हायलाइट करता येत नाही. चित्रकामाच्या साधनांतली चौकट शब्दाभोवती काढा आणि तिच्यावर डबल-क्लिक करून टीप लिहा.

सगळी साधनंच फिकट दिसत असतील तर `Ctrl+D` दाबून `Security` हा भाग बघा. तिथे `Commenting` पुढे `Not Allowed` असेल, तर फाइलला कुलूप आहे. ऑपरेटरकडून बिनकुलपाची प्रत मागवा.

नाव एकदाच घाला

खुणा करणाऱ्याचं नाव प्रत्येक टिपेवर आपोआप लागतं, पण ते संगणकाच्या लॉगिनचं असतं. घरातल्या संगणकावर ते मुलाचं किंवा नुसतं `User` असू शकतं. दोघं-तिघं तपासणार असतील तर कुणी काय सुचवलं हे ऑपरेटरला कळायला हवं. `Preferences` मध्ये `Commenting` या विभागात लॉगिनचं नाव वापरण्याचा पर्याय असतो, त्याची खूण काढा. मग पहिली टीप केल्यावर तिच्यावर राइट-क्लिक करून `Properties` मध्ये `Author` पुढे आपलं नाव लिहा आणि हीच मांडणी कायम ठेवण्याच्या चौकटीवर टिचकी द्या.

चुकीच्या शब्दाला हायलाइट आणि त्यातच दुरुस्ती

मनोगताच्या पहिल्या परिच्छेदात ‘आशिर्वाद’ छापलं आहे. हायलाइटचं साधन घ्या आणि तेवढ्याच शब्दावरून ओढा. आख्खी ओळ रंगवू नका; ओळीतल्या सात शब्दांपैकी चुकीचा कोणता, हे ऑपरेटरने का शोधायचं? आता पिवळ्या भागावर डबल-क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते. तिथे लिहा : `आशीर्वाद`. बस.

नवखे तपासणारे हमखास अडखळतात ते इथे. पान पिवळ्या पट्ट्यांनी भरतं आणि खिडक्या रिकाम्या राहतात. तपासणाऱ्याला चूक दिसलेली असते म्हणून ती ऑपरेटरलाही दिसेल असं वाटतं. पण ‘उज्वल’ टाइप करणारा तोच आहे. नुसता रंग पाहून त्यातलं ‘ज्ज्व’ त्याला आठवणार नाही. ‘शुद्धलेखन बघा’, ‘वाक्य नीट करा’ असल्या टिपाही रिकाम्या खिडकीपेक्षा फार बऱ्या नाहीत. जे छापून यायला हवं तेच अक्षरशः लिहा. शब्द काढायचाच असेल तर हायलाइटऐवजी खोडरेघेचं साधन वापरा, म्हणजे ‘बदला’ आणि ‘काढा’ यांत गोंधळ होत नाही.

दोन स्तंभांच्या पानावर ओढताना शेजारच्या स्तंभातल्या ओळीही रंगतात. तेव्हा `Ctrl` दाबून ठेवा आणि ओढा. चौकटीपुरताच मजकूर धरला जातो.

मराठीची एक खास अडचण इथे येते. स्मरणिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लावलेली असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, पण आत वेगळीच रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. असा शब्द कॉपी करून टिपेत चिकटवला की अगम्य काहीतरी उमटतं, आणि शोधपेटीत ‘आशिर्वाद’ टाइप केलं तर एकही सापडत नाही. त्यामुळे ‘शोधलं, दुसरीकडे कुठे नाही’ यावर विसंबू नका, डोळ्यांनीच वाचा. युनिकोडमधल्या पीडीएफमध्येही वेलांट्या आणि जोडाक्षरं कॉपी करताना विस्कटतात, म्हणून दुरुस्त शब्द स्वतः टाइप केलेला बरा. एकच चूक अंकभर असेल तर पहिल्या जागी टीप करा : ‘उज्ज्वल – सर्व पानांवर’.

इनडिझाइनच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत पीडीएफवरच्या टिपा मूळ फाइलमध्ये ओढून घेता येतात आणि बदल एका टिचकीने स्वीकारता येतात. पण मूळ मजकूर जुन्या फाँटमध्ये आणि तुमची टीप युनिकोडमध्ये असेल, तर त्या शब्दाच्या जागी भलतीच अक्षरं किंवा रिकाम्या चौकटी येतील. तिथे ऑपरेटरने हातानेच टाइप करणं भाग आहे.

शब्दाशी न बांधलेल्या गोष्टीला स्टिकी नोट

त्याच पानावर मजकूर म्हणतो की इमारतीचं उद्घाटन १९३६ साली झालं, आणि फोटोओळीत १९३८ आहे. चूक यांतली कोणती, हे ऑपरेटरला ठरवता येणार नाही आणि तुम्हालाही लगेच नाही. अशा प्रश्नाला स्टिकी नोट. साधन निवडा, फोटोच्या बाजूला समासात टिचकी द्या आणि लिहा : ‘मजकुरात १९३६, इथे १९३८. इतिवृत्तात बघून कळवतो. तोवर बदलू नये.’

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर उत्साही ऑपरेटर दोन्हीकडे एकच साल करून टाकतो आणि ते नेमकं चुकीचं निघतं. आदेश आणि प्रश्न लांबूनच वेगळे कळावेत म्हणून प्रश्नांच्या नोटा वेगळ्या रंगात करा, हवं तर लाल. दोन रंग पुरतात. पाच रंगांची संकेतसूची कुणी पाठ करत नाही.

फोटो बदलणं, परिच्छेद पुढच्या पानावर नेणं, जाहिरातीची जागा यांनाही स्टिकी नोटच. ती अक्षरांवर ठेवू नका. पान मोठं केलं तरी नोटेचं चिन्ह तेवढंच राहतं. लहान आकारात मात्र ते दोन-तीन शब्द झाकून बसतं.

थेट पानावर लिहायचं ते क्वचित

तिसरं साधन पानावरच अक्षरं उमटवतं, खिडकी उघडावी लागत नाही. सोपं वाटतं म्हणून लोक सगळ्या दुरुस्त्या तसंच लिहितात आणि पान वाचता येईनासं होतं. शिवाय या साधनाच्या फाँटमध्ये देवनागरी जोडाक्षरं कधी कधी सुटी पडतात. ‘उज्ज्वल’ दुरुस्त करायला जावं आणि टिपेतच तो फुटलेला दिसावा. ‘या पानाला पुन्हा प्रूफ हवं’ अशी पान उघडताच दिसायला हवी अशी एखादी सूचना असेल तेव्हाच, मोकळ्या जागेत, हे साधन वापरा.

पाठवण्याआधी

फाइल सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. उजवीकडची टिपांची यादी वरपासून खालपर्यंत चाळा. यादीत नाव आणि पान दिसतं पण खाली मजकूर नाही, अशी नोंद दिसली की ती रिकामी हायलाइट. तिथे जाऊन दुरुस्ती लिहा किंवा खूण काढून टाका.

पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जाऊ द्या. स्क्रीनशॉट नको, आणि ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून नवी फाइलही काढू नका. तसं केलं की रंग पानावर राहतो, खिडक्यांतला मजकूर मात्र जातो. समोरचा फोनवर उघडणार असेल तर त्यालाही अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्येच उघडायला सांगा. अनेक साधे व्ह्यूअर पिवळा पट्टा दाखवतात, आतली टीप दाखवत नाहीत. कागदच हवा असणाऱ्या ज्येष्ठ संपादकांसाठी प्रिंटच्या खिडकीत `Summarize Comments` हे बटण आहे. त्याने टिपा सलग छापून मिळतात.

दोघांनी वेगवेगळ्या प्रतींवर खुणा केल्या असतील तर एकाने टिपांच्या यादीतल्या तीन टिंबांतून `Export All to Data File` करावं आणि ती छोटी फाइल दुसऱ्याने आपल्या प्रतीत आयात करावी. दोघांकडचं प्रूफ मात्र एकच हवं. एकाकडे पहिलं आणि दुसऱ्याकडे दुसरं असेल तर खुणा भलत्याच ओळींवर जाऊन बसतात.

दुसरं प्रूफ आल्यावर

नवी पीडीएफ कोरी येते, जुन्या खुणा तिच्यात नसतात. म्हणून पहिली फाइल जपून ठेवा आणि दोन्ही शेजारी-शेजारी उघडा. जुन्या यादीतली एकेक टीप घ्या, नव्या पानावर बघा, दुरुस्ती झाली असेल तर जुन्या टिपेवर राइट-क्लिक करून `Set Status` मधून `Completed` लावा. झाली नसेल तर नव्या फाइलवर तीच टीप पुन्हा करा. दुरुस्त शब्दाच्या आजूबाजूच्या दोन ओळीही वाचा, कारण अक्षरं वाढली-घटली की ओळ सरकते आणि परिच्छेदाचा शेवटचा शब्द चौकटीबाहेर जाऊन दिसेनासा होतो. १९३६ की १९३८, याचं उत्तर इतिवृत्तातून मिळालं असेल तर ते याच फेरीत, याच फाइलवर लिहा. फोनवर सांगितलेलं साल तिसऱ्या प्रूफपर्यंत टिकत नाही.