घड्याळाचा कोन आणि तारखेचा वार: सूत्र पाठ असूनही कुठे चुकतं

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुणालाही घड्याळाच्या कोनाचं सूत्र विचारा, धडाधड सांगेल. पेपरात मात्र उत्तर चुकतं, कारण घाईत तास काटा आकड्यावर थांबलेलाच धरला जातो. म्हणून सूत्राऐवजी दोन काट्यांच्या चाली लक्षात ठेवा. मिनिट काटा मिनिटाला ६ अंश सरकतो, तास काटा अर्धा अंश.

४ वाजून ४० मिनिटं घेऊ. मिनिट काटा ४० × ६ = २४० अंशांवर. तास काटा चारवरचे १२०, आणि ४० मिनिटांत सरकलेले २०, म्हणजे १४० अंशांवर. फरक १०० अंश. तास काटा चारवरच धरला तर १२० येतात, आणि पर्यायांत १२० बहुधा ठेवलेला असतोच! फरक १८० च्या वर गेला तर तो ३६० मधून वजा करा.

उलटा प्रश्नही याच चालींवर सुटतो. चार ते पाचच्या दरम्यान काटे एकमेकांवर केव्हा येतील? चार वाजता अंतर १२० अंश, ते दर मिनिटाला साडेपाच अंशांनी कमी होतं. १२० ला ५.५ ने भागा: २१ पूर्णांक ९/११ मिनिटं. काटकोन विचारला तर दोन उत्तरं असतात. ३० अंश भरून निघाले की पहिला, आणि मिनिट काटा पुढे जाऊन २१० अंश झाले की दुसरा.

आता वार. महिन्यांच्या कोडचे तक्ते पाठ करण्यापेक्षा सातने भागून उरणारे जादा दिवस मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. वार कोणता?

आधी पूर्ण झालेली वर्षं घ्या, म्हणजे १९९७; इथे १९९८ धरणारे बरेच असतात. १६०० वर्षांचे जादा दिवस ०, पुढच्या ३०० चे १. उरलेल्या ९७ वर्षांत २४ लीप वर्षं, म्हणून ९७ + २४ = १२१; सातने भागून बाकी २. बेरीज ३. मग चालू वर्षाचे दिवस: जूनअखेर १८१ आणि १ जुलैचा एक, एकूण १८२, बाकी ०. शेवटी उरले ३. रविवार ० धरला की ३ म्हणजे बुधवार.

शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप असतं. २००० होतं, १९०० नव्हतं.

‘पुढच्या वर्षी याच तारखेला कोणता वार?’ या प्रश्नात वर्ष लीप आहे का, एवढंच पाहून भागत नाही. दोन तारखांच्या मध्ये २९ फेब्रुवारी येतो का, ते बघा. १० फेब्रुवारी २०२४ शनिवार होता, १० फेब्रुवारी २०२५ सोमवार. दोन वार पुढे. १० मार्च मात्र त्याच दोन वर्षांत रविवारवरून सोमवारवर, एकच वार सरकला.