विमान रद्द झाल्याची सूचना मराठीत समजावून सांगताना या चुका टाळा

शेजारच्या काकूंना नागपूरहून मुंबईला जायचे होते. विमान सकाळी 11 वाजून 10 मिनिटांचे होते आणि त्याच दिवशी दुपारी 4 वाजता मुंबईत डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ ठरलेली होती. आदल्या दिवशी सायंकाळी 5 वाजता त्यांच्या फोनवर इंग्रजीत संदेश आला. फोन हातात घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, ‘अहो, पैसे गेले का?’ मी संदेश वाचला आणि घाईने सांगितले, ‘नाही काकू, विमान संध्याकाळवर ढकललंय एवढंच.’ हे उत्तर चुकीचे होते. विमान पुढे ढकललेले नव्हते, ते रद्द झालेले होते, आणि रात्री 9 वाजून 20 मिनिटांच्या दुसऱ्या विमानात कंपनीने त्यांना न विचारता जागा देऊन ठेवली होती. या दोन गोष्टींत प्रवाशाचे हक्क बदलतात, म्हणून अनुवाद करणाऱ्याने पहिल्या वाक्यातच सावध असले पाहिजे.

‘रद्द’ आणि ‘वेळ बदलली’ यांची गल्लत

अशा संदेशात ‘रीशेड्यूल’, ‘रीअकोमोडेट’ आणि ‘कॅन्सल’ हे शब्द बहुधा एकाच परिच्छेदात येतात. विमान तेच राहून त्याची वेळ सरकली, तर तो विलंब ठरतो. तुमच्या तिकिटावरचे विमान उडणारच नसेल आणि तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवले जात असेल, तर ते रद्द होणे आहे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे विमानाचा क्रमांक: जुना आणि नवा क्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत आणि संदेशात ‘कॅन्सल’ हा शब्द कुठे आहे तेही शोधावे. काकूंच्या संदेशात दोन्ही खुणा होत्या, पण दिलगिरीच्या लांबलचक वाक्यामागे त्या दडल्या होत्या.

म्हणून मूळ मजकुराचा क्रम मराठीत तसाच ठेवू नये. घाबरलेला माणूस पहिले वाक्य ऐकतो आणि पुढचे त्याच्या कानावरून जाते. आधी काय झाले ते सांगावे, मग पैसे सुरक्षित आहेत का, मग आज कोणता निर्णय घ्यायचा आहे. दिलगिरी शेवटी आली तरी चालते.

वेळ सांगतानाही इथेच एक मोठी चूक होते. संदेशात ‘14 तारीख, 00:40’ असे असेल आणि आपण ‘14 तारखेला रात्री 12 वाजून 40 मिनिटांनी’ असे म्हटले, तर मराठी माणूस 14 तारखेचा दिवस मावळल्यानंतरची रात्र समजतो आणि विमानतळावर पूर्ण एक दिवस उशिरा पोहोचतो. तिथे ‘13 तारखेला रात्री जेवून निघायचे, मध्यरात्र उलटल्यावर 12 वाजून 40 मिनिटांनी विमान आहे’ असेच सांगावे लागते.

परतावा आणि भरपाई यांना एकच शब्द वापरणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते. ‘रिफंड’ म्हणजे तुम्ही भरलेले तिकिटाचे पैसे परत मिळणे. त्याला परतावा म्हणावे. ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे झालेल्या गैरसोयीबद्दल विमान कंपनीने वेगळी द्यायची रक्कम. तिला नुकसानभरपाई म्हणावे. बोलताना आपण दोन्हींसाठी ‘पैसे भरून देतील’ असे म्हणतो, आणि मग परतावा खात्यात आला की प्रवाशाला वाटते, भरपाई मिळाली, विषय संपला.

भारतातल्या देशांतर्गत प्रवासासाठी परतावा आणि भरपाईचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2010 साली काढलेला आहे आणि त्यानंतर तो सुधारला गेला आहे. त्याचा पत्ता विभाग 3, मालिका एम, भाग 4 असा आहे. तक्रार लिहिताना हा पत्ता जसाच्या तसा द्यावा. रद्द झालेल्या विमानासाठी त्यात सूचना किती आधी मिळाली, यावरून तीन अवस्था केल्या आहेत. दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवले असेल, तर प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे पर्यायी विमान किंवा परतावा मिळतो. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण 24 तासांपेक्षा जास्त अवधी असताना कळवले असेल, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारे पर्यायी विमान द्यायचे किंवा परतावा द्यायचा, आणि निवड पुन्हा प्रवाशाचीच. याही नंतर कळवले, तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो.

काकूंचा संदेश उड्डाणाच्या 18 तास 10 मिनिटे आधी आला होता, म्हणजे त्या तिसऱ्या अवस्थेत होत्या. त्यामुळे संदेश आलेला दिवस आणि वेळ दिसेल असे स्क्रीनचे छायाचित्र आधी काढून ठेवावे. भरपाई मिळणार की नाही, हे त्या एका वेळेवर ठरू शकते.

‘किंवा’ आणि ‘शिवाय’ यांची जागा चुकवणे

तिसऱ्या अवस्थेचे इंग्रजी वाक्य लांब आहे आणि त्याचे दोन चुकीचे मराठी अनुवाद सर्रास फिरतात. एकात म्हटलेले असते की पर्यायी विमान, परतावा आणि भरपाई असे तिन्ही मिळते. दुसऱ्यात म्हटलेले असते की तिन्हींपैकी एक काहीतरी मिळते. खरा अर्थ असा आहे: विमान कंपनीने प्रवाशाला मान्य असेल असे पर्यायी विमान द्यावे, किंवा तिकिटाचा पूर्ण परतावा द्यावा आणि त्याशिवाय नुकसानभरपाईही द्यावी. ‘किंवा’च्या एका बाजूला विमान आहे, दुसऱ्या बाजूला परतावा आणि भरपाई जोडीने आहेत. मराठीत हे एका वाक्यात कोंबू नये; दोन वाक्ये करून मध्ये ‘किंवा’ स्वतंत्र लिहावा.

यातले ‘प्रवाशाला मान्य असेल असे’ हे शब्द गाळले, तर अनुवादातला जीवच जातो. दुपारी 4 वाजता डॉक्टरांकडे पोहोचायचे असलेल्या काकूंना रात्री 9 वाजून 20 मिनिटांचे विमान मान्य असण्याचे कारण नव्हते. परंतु संदेशाखाली ‘ॲक्सेप्ट’ असे बटण होते, आणि माझ्या ‘ढकललंय एवढंच’ या वाक्यानंतर त्या ते दाबणारच होत्या. ते दाबले असते, तर पर्यायी विमान मान्य केल्याची नोंद झाली असती आणि परतावा व भरपाई मागण्याचा आधार निसटला असता. असे बटण असलेल्या संदेशाचा अनुवाद करताना बटणावरच्या शब्दाचे भाषांतर ‘स्वीकारा’ एवढे करून थांबू नये. ‘हे दाबले तर नवे विमान तुम्हाला मान्य आहे असे धरले जाईल’ हा परिणाम लिहावा.

आकडा सांगणे, अट विसरणे

नियमात प्रवासाच्या कालावधीनुसार तीन रकमा आहेत: एक तासापर्यंत 5,000 रुपये, एक ते दोन तासांसाठी 7,500 आणि दोन तासांहून जास्त असेल तर 10,000. हा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो. पण प्रत्येक रकमेला एक शेपूट आहे: ही रक्कम, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी कमी असेल ती. ‘जी कमी असेल ती’ हे चार शब्द अनेक अनुवादांत गळतात, आणि मग प्रवासी 7,500 रुपयांची अपेक्षा धरून बसतो.

उदाहरण म्हणून काकूंच्या तिकिटासारखे तिकीट घेऊ. एकूण भरलेली रक्कम 5,150 रुपये, त्यात मूळ भाडे 3,200, इंधन शुल्क 600 आणि उरलेले 1,350 रुपये कर व विमानतळाची शुल्के. नागपूर ते मुंबई हा प्रवास एक ते दोन तासांच्या गटात येतो, म्हणून कमाल मर्यादा 7,500. मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून 3,800 होतात, ते कमी आहेत, म्हणून भरपाई 3,800. परतावा पूर्ण 5,150. दोन्ही मिळून 8,950 रुपये, तेही पर्यायी विमान न घेतल्यास. घाबरलेल्या माणसाला हिशेब असा एकेक पायरीने, त्याच्याच तिकिटावरच्या आकड्यांनी करून दाखवावा. युरोपातील 261/2004 या कायद्यातले 250 ते 600 युरोचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात. ते नागपूर ते मुंबई प्रवासाला लागू नाहीत.

परताव्याऐवजी कंपनी ‘क्रेडिट शेल’ देऊ करते, म्हणजे पैसे पुढच्या प्रवासासाठी स्वतःकडेच जमा ठेवते. ते घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. अनुवादात ‘पैसे जमा होतील’ असे लिहिले की ते बँकेत जमा होणार असे वाटते, म्हणून ‘पैसे परत मिळणार नाहीत, त्याच कंपनीकडे शिल्लक राहतील’ असे उघड लिहावे.

कारणाचे वाक्य वरवर वाचणे

पूर, दंगल, सरकारी आदेश, संप, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनी विमान रद्द झाले आणि सर्व वाजवी प्रयत्न करूनही ते टळण्यासारखे नसेल, तर नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. इथे अनुवादक घाईने ‘काहीच मिळणार नाही’ असे सांगतो, आणि ते चूक आहे. ही सूट फक्त नुकसानभरपाईपुरती आहे. पर्यायी विमान किंवा परतावा यांतली निवड कायम राहते. ‘ऑपरेशनल रीझन्स’ हे शब्द ‘अपरिहार्य कारणास्तव’ असे तर कधीही लिहू नयेत, कारण तसे लिहिल्याने आपणच कंपनीला सूट देऊन टाकतो. ‘कामकाजाशी संबंधित कारण’ एवढेच लिहावे आणि नेमके कारण कंपनीकडे लेखी मागावे.

तिकीट एजंटाने काढले असेल, तर आणखी एक कलम पाहावे लागते. बुकिंग करताना पुरेशी संपर्क माहिती दिलेली नसेल, तर भरपाई मिळत नाही. एजंटाने स्वतःचाच क्रमांक टाकला असेल, तर सूचना वेळेत त्याच्याकडे गेलेली असते आणि प्रवासी विमानतळावर पोहोचल्यावर त्याला कळते.

त्या संध्याकाळी बटण न दाबता मी काकूंसाठी कागदावर हे लिहून दिले:

‘तुमचे उद्या सकाळी 11:10 चे विमान रद्द झाले आहे. तिकिटाचे पैसे बुडालेले नाहीत. कंपनी उद्या रात्री 9:20 चे विमान देत आहे. ते घेण्याची सक्ती नाही. सकाळचे दुसरे विमान मागता येईल. ते मिळाले नाही, तर पूर्ण परतावा आणि त्याशिवाय नुकसानभरपाई मागता येईल. आज कंपनीला फोन करून यांपैकी काय हवे ते सांगायचे आहे.’

कंपनीच्या फोनवर काकूंनी स्वतःच सांगितले, ‘रात्रीचं विमान मला मान्य नाही, दुपारी दोनच्या आत मुंबईत पोहोचवणारं द्या.’ सकाळी 9 च्या विमानात जागा मिळाली. त्यांनी ते मान्य केले, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उरला नाही आणि डॉक्टरांची वेळ चुकली नाही. तसे विमान मिळाले नसते आणि कंपनीने परतावा किंवा भरपाई नाकारली असती, तर पुढची पायरी लेखी तक्रार हीच होती: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, आणि गरज पडल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. त्यासाठी लागणारी तिन्ही कागदपत्रे, म्हणजे तिकीट, भाड्याची फोड आणि वेळ दिसणारा तो संदेश, काकूंच्या पिशवीत तेव्हाच ठेवून दिली होती.